९७ टक्क्यांवर अडकलेलं विमान

बारावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडता उघडत नाही, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठीशी आहे. नवा ऑनलाइन गेम लाँच होतो तेव्हाही हेच होतं. पण गेमची तर आधी टेस्ट घेतलेली असते ना? मग तरी का?

१९ नोव्हेंबर २०२४ला आलेला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' आठवून बघा. या गेमचा बराचसा भाग आपल्या मशीनवर नसतोच, खेळताना तो सर्व्हरवरून येतो. ऑक्टोबरमध्ये त्याची टेक्निकल अल्फा टेस्ट झाली होती. शिवाय दोन लाख खोटे, म्हणजे कॉम्प्युटरने तयार केलेले खेळाडू सोडून सर्व्हर तपासला होता. तरीही पहिल्या दिवशी लोक लॉगिनच्या रांगेत ताटकळले. ज्यांचा नंबर लागला, त्यांचं लोडिंग ९७ टक्क्यांवर अडकलं. काही जण आत पोहोचले, तर विमानंच गायब!

गेम बनवणाऱ्या असोबो स्टुडिओचे प्रमुख सेबास्टियन व्लॉक यांनी नंतर व्हिडिओतून कारण सांगितलं. ते समजायला आपलं कँटीन डोळ्यांसमोर आणा. काउंटरवरच्या ट्रेमध्ये वडे तयार असतात, म्हणून पटापट मिळतात. हा ट्रे म्हणजे कॅश. आतलं किचन म्हणजे डेटाबेस. ट्रे रिकामा झाला की प्रत्येक ऑर्डर थेट किचनमध्ये जाते आणि सगळंच तुंबतं. इथे ती कॅशच कोलमडली. डेटा मिळाला नाही, की सिस्टिम पुन्हा मागणी करायची. म्हणजे माणूस एकच, पण ऑर्डर पाच वेळा! टीमने सर्व्हिस रिस्टार्ट करून रांग वेगाने पुढे सरकवली. अर्धा तास बरं चाललं आणि कॅश पुन्हा बसली.

टेस्टमध्ये हे का सापडलं नाही? अल्फा असो वा बीटा, त्यात माणसं मोजकी असतात आणि आपापल्या सवडीने येतात. खोटे खेळाडू ठरवून दिलेलं तेवढंच करतात. लाँचच्या दिवशी मात्र सगळे एकाच वेळी येतात, वैतागून गेम बंद करतात, पुन्हा उघडतात.

मग थेट दुप्पट सर्व्हर का नाही लावत? कारण काउंटर वाढवले तरी किचन एकच राहिलं, तर तुंबायचं ते तुंबणारच. शिवाय पहिल्या आठवड्याची गर्दी पुढे टिकत नाही, सर्व्हरचं भाडं मात्र चालू राहतं.

त्यामुळे रांग दिसली म्हणून लगेच शिव्या घालू नका. ती किचनला वाचवायलाच असते. तुमचा नंबर हळूहळू का होईना, खाली येत असेल, तर गेम बंद करू नका, नाहीतर पुन्हा शेवटी जाऊन उभं राहावं लागेल. पण नंबर लागूनही लोडिंग एका आकड्यावर थिजलं, तर समजा, घोळ आत किचनमध्येच आहे. तेव्हा सरळ झोपा, उद्या उडा!