आग विझवणारं पाणी जातं कुठे?

1 नोव्हेंबर 1986 च्या पहाटे स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या श्वाइझरहाले इथे सँडोझ कंपनीचं गोदाम पेटलं. आत सुमारे 1,350 टन रसायनं होती, त्यांत मुख्यतः कीटकनाशकं. जवानांनी हजारो घनमीटर पाणी मारलं. ते अडवायला पुरेसं कुंडच नव्हतं, त्यामुळे विष घेऊन ते ऱ्हाईन नदीत उतरलं. रंगद्रव्यामुळे नदी लाल झाली आणि पुढे शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले.

पावसाळी गटारं बहुधा प्रक्रियेविना थेट ओढ्या-नदीत उघडतात. म्हणून दल आधी उताराकडची तोंडं गाठतं. जाळीवर रबरी चटई किंवा प्लास्टिक अंथरून वर वाळूची पोती रचतात. पाइपात हवेने फुगणारा बूच बसवतात आणि कारखान्याच्या नाल्याची झडप पाडतात. अडलेलं पाणी टँकरमध्ये उपसून तपासणीनंतरच प्रक्रियेला पाठवतात.

फेसाचं दुखणं वेगळं. तेल थोपवणारा तरंगता अडसर इथे फारसा उपयोगी नाही, कारण फेसाचं द्रावण पाण्यात मिसळून त्याखालून निसटतं. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळ्यातले मासे गुदमरतात. जुन्या फ्लोरिनयुक्त फेसातली रसायनं तर वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे तळ्याच्या वरच्या बाजूलाच मातीचा बांध घालावा लागतो.

साठवायची जागा भरत आली, की झोत कमी करतात. कधी शेजारच्या इमारती तेवढ्या वाचवून, धुराची दिशा पाहत, गोदाम जळू देतात.