लेव्हल पाइप आणि नागपूरचं ऊन
लेव्हल पाइप म्हणजे दहा-पंधरा मीटर लांबीची, बोटाएवढी जाड पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरलं की दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं, मग मध्ये भिंत असो वा वळण. म्हणूनच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दिसत नसतानाही मिस्त्री घरभर फरशीची एकच लेव्हल काढू शकतो.

भिंतींची छपाई झाली की मुख्य दाराजवळ स्लॅबपासून मीटरभर उंचीवर पहिली खूण करतात. एक माणूस नळीचं टोक तिथे धरतो, दुसरा खोलीत जातो. दोघांनी अंगठे काढायचे, पाणी डोलायचं थांबू द्यायचं. पाणी खुणेला टेकलं की पहिला ‘बरोबर’ म्हणतो आणि दुसरा आपल्याकडच्या पाण्यावर पेन्सिल टेकवतो. वाटेत थोडं पाणी सांडलं तरी बिघडत नाही, कारण खुणेकडचं टोक खालीवर करून पाणी पुन्हा जुळवता येतं. प्रत्येक खोलीची खूण मात्र पहिल्या खुणेवरूनच घ्यावी. खुणेवरून खूण काढत गेलं की चूक वाढत जाते.

मग खुणांपासून खाली स्लॅबपर्यंत टेप लावतात. समजा, हॉलमध्ये १०२ सेंटिमीटर भरले, झोपायच्या खोलीत १००.५ आणि स्वयंपाकघरात १०३.५. सर्वांत कमी माप तिथे स्लॅब सर्वांत उंच. फरशीची उंची तिथूनच ठरते. फरशी आणि खालचा मसाला मिळून किमान ५ सेंटिमीटर हवेत, म्हणून फरशीचा माथा घरभर खुणेखाली ९५.५ सेंटिमीटरवर येईल. हॉलमध्ये भर साडेसहा आणि स्वयंपाकघरात आठ सेंटिमीटर पडेल. हा हिशोब आधी न केल्यास दाराच्या उंबऱ्याशी पायरी निघते. न्हाणीघराची फरशी तेवढी मुद्दाम दोनेक सेंटिमीटर खाली ठेवावी.

नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा सर्वांना ठाऊक असतो. तो दिसतो, नळी टिचकीने झटकली की वर येतो. ऊन मात्र दिसत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळिसावर जातो. नळीचं एक टोक व्हरांड्यात उन्हात आणि दुसरं आतल्या खोलीत असेल, तर उन्हातलं पाणी तापून हलकं होतं आणि तेवढंच उंच चढतं. उन्हातलं पाणी ५० आणि सावलीतलं ३५ अंश असलं, तर मीटरभर उभ्या पाण्यात सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडतो. आडव्या भागातल्या उष्णतेचा काही परिणाम होत नाही, फरक फक्त उभ्या भागात पडतो.

हे ओळखायला दोन्ही टोकं शेजारी धरून पाहणं पुरत नाही, कारण तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच तापतात. लेव्हल सकाळी, ऊन चढण्याआधी काढावी. व्हरांड्याची खूण संशयास्पद वाटली, तर दोघांनी टोकांची अदलाबदल न करता संध्याकाळी तीच खूण पुन्हा तपासावी. ती हलली असेल, तर संध्याकाळचीच खूण धरावी.