चिठ्ठी परत टाकली, तरी…

दिवाळीत आमच्या निपाणीच्या घरी अक्का, अण्णा आणि मी नावांच्या चिठ्ठ्या टाकतो. ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची. स्वतःचंच नाव आलं, तर ती चिठ्ठी परत टाकून दुसरी उचलायची.

वरवर हे अगदी सरळ वाटतं. आधी अक्का उचलते, मग अण्णा, शेवटी मी. अक्काला माझं नाव निघालं, तर अण्णाला अक्काचीच चिठ्ठी घ्यावी लागते आणि मला अण्णाची. पण अक्काला अण्णाचं नाव निघालं आणि अण्णाने अक्काची चिठ्ठी उचलली, तर माझ्या वाट्याला मीच! मग डाव पहिल्यापासून.

हिशेब मांडा. सरासरी चार डावांत दोनदा अक्काला मी, एकदा अण्णा आणि एकदा डाव फसलेला. फसलेला वगळला, तर तीनपैकी दोनदा मला भेट अक्काकडूनच. मग गुपित कसलं?

उपाय सोपा आहे. एकालाही स्वतःचं नाव आलं, तर सगळ्यांच्याच चिठ्ठ्या परत टाकायच्या. तिघांत सरासरी ३ फेऱ्या लागतात, माणसं वाढली तरी सुमारे २.७. थोडा वेळ जातो, पण प्रत्येक जोडणीला सारखीच संधी मिळते.