‘दऱ्या’ शोधताना ‘दऱ्या’च का सापडत नाहीत?

डेटाबेसमध्ये मराठी शब्द साठतो तो क्रमांकांच्या ओळीच्या रूपात. युनिकोडने प्रत्येक देवनागरी चिन्हाला एक क्रमांक दिला आहे. व्यंजनाला, मात्रेला, अनुस्वाराला, हलन्ताच्या पायमोडीलाही स्वतंत्र क्रमांक आहे. शोध घेताना हे क्रमांक एकास एक जुळवले जातात. त्यामुळे पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द आतून वेगळे असतील, तर एक शोधल्यावर दुसरा सापडत नाही. ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक आहे, शीर्षक डोळ्यांना दिसते आहे, तरी शोधाच्या चौकटीत तेच शीर्षक टाकल्यावर ‘नोंद नाही’ असे उत्तर येते, ते बहुधा यामुळेच.

‘दऱ्या’ हा शब्द या अडचणीचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्यातला पापणीसारखा आडवा अर्धा र मराठीत सतत लागतो, आणि तो लिहिण्याच्या किमान तीन रीती वापरात आहेत. पहिल्या रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर (U+0931) आणि त्यानंतर पायमोड (U+094D) येते. दुसरीत साधा र (U+0930), पायमोड आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ (U+200D) हे न दिसणारे जोडचिन्ह असते. तिसरीत साधा र, त्याखाली नुक्ता (U+093C) आणि मग पायमोड. कोणती रीत उतरणार, हे टंकणाऱ्याने कोणता कीबोर्ड वापरला यावर ठरते, आणि टंकणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. फरक आहे की नाही, हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे लांबी मोजणे. `char_length` हे फंक्शन पहिल्या ‘दऱ्या’ची लांबी ५ सांगते, उरलेल्या दोन्हींची ६.

अशा फरकांसाठी युनिकोडनेच ‘नॉर्मलायझेशन’ म्हणजे प्रमाणीकरणाची प्रक्रिया ठरवून दिली आहे. तिच्या एनएफसी या प्रकारात र आणि नुक्ता एकत्र येऊन ऱ होतो, म्हणजे तिसरी रीत पहिलीत मिसळते. दुसरी मात्र तशीच राहते. न दिसणारे जोडचिन्ह एनएफसी काढत नाही, आणि र-जोडचिन्ह व ऱ यांना युनिकोड समतुल्य मानत नाही. ‘ॲ’चेही असेच आहे. हे अक्षर (U+0972) युनिकोडमध्ये २००८ साली आले. अ (U+0905) आणि त्यावर चंद्र (U+0945) अशीही त्याची जोडणी होते. दोन्ही सारखे दिसतात, पण एनएफसीच्या लेखी ते वेगळेच. केवळ प्रमाणीकरण केले की मराठीचा शोध सुधारतो, हा समज त्यामुळे अपुरा आहे.

मग जोडचिन्हे सरसकट पुसून टाकावीत, असा विचार साहजिकच येतो. ‘वाङ्मय’सारख्या शब्दांत पायमोड उघडी दिसावी म्हणून काही जण ‘झीरो विड्थ नॉन-जॉइनर’ (U+200C) घालतात, काही घालत नाहीत. तिथे ते पुसणे योग्यच. पण दुसऱ्या रीतीच्या ‘दऱ्या’मधले जोडचिन्ह पुसले तर उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यांना’चे त्याच चालीने विद्वान ‘आचार्यांना’ होते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी र-पायमोड-जोडचिन्ह या तिघांचे ऱ-पायमोड करायचे, आणि मगच उरलेली जोडचिन्हे काढायची.

दुसरा प्रश्न ऱ्हस्व-दीर्घाचा. इथे क्रमांकांचा दोष नाही, लेखनच बदलते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांपूर्वी छापलेल्या पुस्तकांत ‘कवि’ आणि ‘गुरु’ दिसतात, नंतरच्यांत ‘कवी’ आणि ‘गुरू’. शिवाय शुद्ध लेखनातही एकाच शब्दाची वेलांटी आणि उकार बदलतात. ‘कोल्हापूर’ दीर्घ, पण ‘कोल्हापुरात’ ऱ्हस्व; ‘दूध’ आणि ‘दुधात’. उपान्त्य दीर्घ स्वर सामान्यरूपात ऱ्हस्व होण्याचा हा नियम मराठीच्या रोजच्या वापरातला आहे. अक्षरशः जुळणी करणारा शोध ‘कोल्हापूर’ टाकल्यावर ‘कोल्हापुरात’ कधीच दाखवणार नाही.

यावर रूढ उपाय असा, की मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून शेजारी शोधासाठी वेगळा स्तंभ करायचा. त्यात सर्व दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व केलेले असतात. पोस्टग्रेसमध्ये (`normalize` असलेल्या तेराव्या किंवा पुढच्या आवृत्तीत) वरचे सगळे एका छोट्या फंक्शनमध्ये बसते:

```sql
CREATE FUNCTION shodh_key(t text) RETURNS text
LANGUAGE sql IMMUTABLE STRICT AS $$
  SELECT translate(
    replace(
      replace(normalize(t, NFC),
        U&'\0930\094D\200D', U&'\0931\094D'),
      U&'\0905\0945', U&'\0972'),
    U&'\0908\090A\0940\0942\200C\200D',
    U&'\0907\0909\093F\0941')
$$;
```

`translate`मधील पहिल्या यादीतले ई, ऊ आणि त्यांच्या मात्रा दुसऱ्या यादीतल्या ऱ्हस्व रूपांत बदलतात. शेवटच्या दोन जोडचिन्हांना जोडीदार नाही, म्हणून ती गळून पडतात. वाचकाने टाकलेला शब्दही याच फंक्शनमधून जायला हवा, नाहीतर जुळणी पुन्हा फसते. शीर्षकातला प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीत साठवून ‘या अक्षरांनी सुरू होणारे’ असा शोध घेतला, की ‘कोल्हापूर’वरून ‘कोल्हापुरात’ही मिळते आणि ‘कोल्हापूरचा’ही. ‘पाऊस’वरून ‘पावसात’ किंवा ‘देऊळ’वरून ‘देवळात’ मात्र यातून मिळणार नाही. तिथे ऊचा व होतो, आणि त्यासाठी शब्दांच्या रूपांचा कोशच लागतो.

ऱ्हस्व-दीर्घ एक केल्याची किंमतही मोजावी लागते. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ एकाच खणात जातात. म्हणून फक्त क्रमांकांची साफसफाई केलेला, ऱ्हस्व-दीर्घ मूळचेच ठेवलेला आणखी एक स्तंभ लागतो. त्यात तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी आधी दाखवायच्या आणि बाकीच्या मागून. ग्रंथालयाच्या वाचकाला दोन अनावश्यक नोंदी चालतात. हवे ते पुस्तक न सापडणे चालत नाही.

अनुस्वाराशी अधिक जपून वागावे लागते. ‘सम्पर्क’चा ‘संपर्क’ करणे सोपे आहे, पण अनुनासिकापुढे त्याच वर्गातले व्यंजन असेल तेव्हाच. म् पुढे प, फ, ब किंवा भ. न् पुढे त, थ, द किंवा ध. ही अट सोडली तर ‘अन्न’ आणि ‘जन्म’ यांतलाही न जातो. जुन्या पुस्तकांतल्या ‘नांव’, ‘पांच’ यांसारख्या अनुच्चारित अनुस्वारांसाठी सर्व अनुस्वार पुसणे घातक आहे, कारण मग ‘रंग’ आणि ‘रग’ एक होतात. अशा शब्दांची छोटी यादी करून तेवढ्यांचेच रूपांतर करणे बरे.

ल्यूसीन या प्रसिद्ध शोधप्रणालीत हिंदीसाठी तयार प्रमाणक आहे, आणि तो मराठीलाही लावण्याचा मोह होतो. तो हिंदीच्या गरजेने घडलेला आहे. दोन मात्रांची एक मात्रा करून तो ‘बैल’ आणि ‘बेल’ एक करतो, पायमोड काढून टाकतो, आणि ऱचा साधा र करतो. म्हणजे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला जपून ठेवलेला फरक तिथे पुन्हा पुसला जातो.

फंक्शन बदलले, तरी आधी साठवलेला शोधस्तंभ आपोआप बदलत नाही. नियमांत एक अक्षर जरी वाढवले, तरी तो संपूर्ण स्तंभ आणि त्यावरची अनुक्रमणिका नव्याने तयार करावी लागते.