आपल्याच कातडीत शिरणारा केस

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर टेकनपूर येतं. सीमा सुरक्षा दलाची अकादमी तिथे १९६६ पासून आहे. वर्दीच्या शिस्तीत दाढी रोजचीच, तीही गुळगुळीत. आता अशा एखाद्या प्रशिक्षणार्थी मुलाचा विचार करा, ज्याची दाढी दाट, राठ आणि कुरळी आहे. घरी असताना आठवड्यातून एकदा वस्तरा लागायचा, इथे रोज पहाटे लागतो. थोड्याच दिवसांत जबड्याखाली आणि गळ्यावर बारीक, टणक पुटकुळ्या उठतात. खोलीतली मुलं म्हणणार, ‘पिंपल्स आलेत, चेहरा घासून धू.’ तोही घासतो, आणि पुटकुळ्या वाढतात.

खरं तर त्याचा चेहराच उत्तर सांगत असतो. कपाळ स्वच्छ, नाक स्वच्छ, पाठीवर एक पुटकुळी नाही. मुरुम हा तेलग्रंथींचा आजार. तेल आणि मेलेल्या पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, म्हणून मुरुमांत काळ्या किंवा पांढऱ्या टोकाचे बारीक दाणे दिसतातच, आणि ते कपाळ, नाक, पाठ, छाती असे कुठेही उठतात. जिथे वस्तरा फिरतो तिथपर्यंतच येणाऱ्या आणि त्या रेषेबाहेर पाऊल न टाकणाऱ्या पुटकुळ्यांचा संशय मुरुमावर नव्हे, दाढीवर घ्यायला हवा.

चांगल्या उजेडात भिंग धरा आणि दोन बोटांनी गळ्याची कातडी ताणा. पुटकुळीशेजारी एखाद्या ठिकाणी केसाची इवलीशी काळी कमान दिसेल, जिची दोन्ही टोकं कातडीत आहेत. एका टोकाशी केसाचं मूळ आहे. दुसऱ्या टोकाने तोच केस बाहेर येऊन, वळून, एक-दोन मिलिमीटरवर पुन्हा आत घुसला आहे! शरीराने स्वतः घडवलेला केस, पण भलत्या दाराने आत आला की शरीर त्याला काट्यासारखंच वागवतं. भोवती सूज येते, पेशींची फौज जमते, कधी पू होतो. हा संसर्ग नव्हे. सुरुवातीला इथे एकही जंतू लागत नाही. अमेरिकेत स्ट्रॉस आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५६ मध्ये या विकाराचं तपशीलवार वर्णन केलं.

केस आत वळतो तो दोन कारणांनी. कुरळ्या केसाचं मूळच कातडीखाली वाकडं असतं, त्यामुळे तो बाहेर पडतानाच आडवा पडतो. आणि ब्लेड त्याला तिरका कापतं, त्यामुळे बोरूच्या टाकासारखं त्याला धारदार टोक येतं. दाढीचा केस रोज साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो. म्हणजे तीन-चार दिवसांत सव्वा-दीड मिलिमीटरचा, टोकदार, वाकलेला केस तयार होतो आणि कातडी तर हाताशीच असते.

मग रोज दाढी करणाऱ्याचा केस एवढा वाढतोच कुठे? त्याची गोष्ट अधिक नवलाची आहे, कारण ती सगळी कातडीखाली घडते. १९७१ मध्ये दोन पात्यांचा रेझर बाजारात आला. पहिलं पातं केसाला पकडून थोडा वर ओढतं, आणि तो मागे सरकायच्या आत दुसरं पातं त्याला कापतं. उरलेला खुंट मग पृष्ठभागाच्याही खाली जाऊन बसतो. गालावरून हात फिरवल्यावर जो तुळतुळीतपणा जाणवतो तो याचाच. सरळ केसाला याने फरक पडत नाही, तो आपल्या नळीतून पुन्हा वर येतो. वाकड्या केसाचं टोक मात्र वर येता येता नळीची भिंतच भेदतं. कातडी ताणून आणि केसाच्या उलट्या दिशेने वस्तरा फिरवूनही नेमकं हेच होतं. सलूनमध्ये सुलटा हात झाल्यावर मारला जाणारा उलटा हात म्हणजे कुरळ्या दाढीला दिलेलं आमंत्रणच.

याच जागी येणारा दुसरा त्रास खरोखर जंतूंचा असतो. केसाच्या मुळाशी स्टॅफिलोकॉकस जंतू शिरले की पिवळसर पुवाचा फोड येतो आणि त्याच्या बरोबर मधून केस सरळ वर आलेला असतो. खोलवर गेला की त्याचा ठणकणारा केसतोड होतो. सामायिक टॉवेल, ओला ब्रश, दुसऱ्याचा रेझर ही त्याची वाहनं. वस्तऱ्याने पडलेले बारीक ओरखडे हा त्याचा दरवाजा. तिसरी शक्यता बुरशीची. तिथे कातडीला खवले येतात आणि केस ओढला तर न दुखता हातात येतो. म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम आणून चोळणं धोक्याचं. लाली दोन दिवस ओसरते आणि बुरशी खाली पसरत राहते.

टेकनपूरच्या त्या मुलाला समजा महिन्याची सुट्टी मिळाली आणि त्याने दाढी करणं थांबवलं. पहिल्या आठवड्यात त्रास उलट वाढेल, कारण कापलेले सगळे केस एकदम वाढून आत वळण्याच्या लांबीला येतात. बहुतेक जण इथेच घाबरून पुन्हा वस्तरा उचलतात. पण धीर धरला तर मुळाकडून केस वाढतच राहतो आणि कमान मोठी होत जाते. आतलं टोक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा खोल जात नाही. केस सुमारे दहा मिलिमीटरचा झाला की वाकल्यामुळे साठलेला ताण इतका होतो की टोक आपोआप उसळून बाहेर येतं. ०.४ ने भागून पाहा, पंचवीस दिवस. त्वचारोगतज्ज्ञ तीन-चार आठवडे दाढी बंद ठेवायला सांगतात ते उगाच नाही. घाई असेल तर कमानीखाली निर्जंतुक सुई घालून टोक अलगद सोडवावं. चिमट्याने केस उपटू मात्र नये, कारण नवा केस मुळापासून त्याच वाकड्या वाटेने निघतो.

पुढे दाढी कशी करायची, तर दर वेळी थोडी कमी. ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखला तर टोक कातडीखाली जातच नाही. वस्तराच हवा असेल तर कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं दाढी भिजू द्यावी. पाणी पिऊन केस फुगतो, मऊ होतो आणि कमी जोराने कापला जातो. मग भरपूर फेस, एकच धारदार पातं, आणि केसाच्या दिशेने एकच हात. गळ्यावर ही दिशा जागोजाग बदलते, म्हणून दोन दिवसांच्या खुंटांवर बोट फिरवून पाहावं. ज्या बाजूला बोट अडत नाही ती दिशा. शेवटी फिरवलेली तुरटी रक्त थांबवते, ओरखडे आवळते, पण आत शिरलेल्या केसापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. अडापॅलिन किंवा ग्लायकोलिक आम्लाची मलमं वरचा थर पातळ करून केसाची वाट मोकळी करतात. आपल्या सावळ्या कातडीवर मागे राहणारे काळे डाग मात्र महिनोन्‌महिने टिकतात.

काहींची दाढी एवढं करूनही वस्तरा सहन करत नाही. केसाभोवतीच्या एका केराटिनच्या जनुकात छोटा बदल असेल तर हा त्रास होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, आणि त्यात स्वच्छतेचा किंवा हलगर्जीपणाचा काही संबंध नाही. अशांसाठी मुळं कायमची क्षीण करणारा लेझर आहे. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग त्यातल्या त्यात सुरक्षित. नोकरीत रोजच्या दाढीची सक्ती असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान लेखी घ्यावं आणि ट्रिमरची परवानगी मागावी. ‘पिंपल्स आहेत’ एवढंच सांगितलं तर हातात मुरुमाचं मलम पडेल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तरा पुन्हा तिथूनच फिरेल.