बॅकलॉग आहे? मग परीक्षेचं वेळापत्रक असं वाचा

ग्रुपवर वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट येतो आणि प्रत्येक जण फक्त आपल्या वर्षाच्या तारखा बघतो. ज्यांचा मागच्या वर्षाचा विषय राहिला आहे, त्यांची गडबड इथेच होते.

नाशिकजवळच्या एकलहरे येथील, पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नचा तिसऱ्या वर्षाचा कॉम्प्युटरचा विद्यार्थी घेऊ. त्याचे दुसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत. दोन्ही वर्षांच्या स्क्रीनशॉटवरून त्याने एकच यादी केली. (तारखा उदाहरणादाखल आहेत.)

- १ डिसेंबर, सोमवार, सकाळ: 310241 डेटाबेस
- ३ डिसेंबर, बुधवार, दुपार: 210241 डिस्क्रीट मॅथ्स (बॅकलॉग)
- ४ डिसेंबर, गुरुवार, सकाळ: 310242 थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन
- ८ डिसेंबर, सोमवार, सकाळ: 310243 सिस्टीम्स प्रोग्रॅमिंग
- ८ डिसेंबर, सोमवार, दुपार: 210243 ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (बॅकलॉग)

क्लॅश कुठे आहे?

तारीख आणि सत्र दोन्ही सारखी असतील तरच क्लॅश. ८ तारखेला दोन पेपर असले तरी एक सकाळी आणि एक दुपारी आहे, म्हणजे दिवस जड आहे पण क्लॅश नाही. दोन्ही सकाळी असते, तर कॉलेजच्या परीक्षा विभागाला लगेच लेखी कळवावं लागलं असतं.

उजळणीला किती दिवस?

दोन तारखांची वजाबाकी करून एक कमी करा. फक्त तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक पाहिलं, तर १ आणि ४ तारखेमध्ये दोन मोकळे दिवस दिसतात. पण एकत्र यादीत ३ तारखेला बॅकलॉग आहे, म्हणून थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनसाठी एकही दिवस उरत नाही. त्याची तयारी १ डिसेंबरच्या आधीच पूर्ण हवी.

युनिट किती मोजायचे?

अभ्यासक्रमात सहा युनिट दिसतात. पण या पॅटर्नमध्ये पहिले दोन इन-सेमला येतात आणि ७० गुणांच्या एंड-सेमला तीन ते सहा. म्हणजे विषयाला चारच. ८ तारखेच्या आधी ५, ६ आणि ७ असे तीन दिवस आहेत, पण विषय दोन असल्याने युनिट आठ होतात. रोज जवळपास तीन. पर्याय प्रत्येक युनिटच्या आतच असतो, त्यामुळे एक युनिट सोडला की १७-१८ गुण हातचे गेले.

स्क्रीनशॉट फसवतो कुठे?

वरची ओळ कापली गेली असेल तर पॅटर्न, शाखा आणि सत्र कळत नाही. अस्पष्ट फोटोत ३ चा ८ वाटतो, म्हणून तारखेशेजारचा वार कॅलेंडरशी जुळतो का बघा. विषय नावाने नाही, कोडने शोधा. आणि शेवटी विद्यापीठाच्या साइटवरची फाइल उघडून खात्री करा, कारण सुधारित वेळापत्रक आलं तरी ग्रुपवरचा जुना फोटो तसाच फिरत राहतो.