टाच टेकते का, ते आधी पाहा

खांदा कॉलनीतल्या सिडकोच्या घरांमध्ये बाळ सहा-सात महिन्यांचं झालं, की कुठून तरी वॉकर येतोच. कधी मामा आणतो, कधी वरच्या मजल्यावरचं मूल मोठं झालं म्हणून त्याचा खाली येतो. कालपर्यंत पालथं पडून कुरकुरणारं बाळ त्यात बसवलं, की गुळगुळीत फरशीवरून सुसाट सुटतं. सगळं घर टाळ्या वाजवतं: "बघा, चालायला लागला!"

टाळ्या थांबल्या की खाली वाकून त्याचे पाय जरूर बघा. बहुतेक वेळा टाच फरशीला टेकलेलीच नसते. शरीराचा भार झोळीसारख्या बैठकीवर असतो, अंग पुढे झुकलेलं असतं आणि पायाची बोटं फक्त फरशीला रेटा देत असतात. खालची चाकं तेवढ्यावरच पळतात. पुढच्या ट्रेमुळे बाळाला स्वतःचे पाय दिसतही नाहीत. बाळ घरभर फिरतं हे खरं, पण त्याला चालणं म्हणता येत नाही.

चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर सगळं शरीर एका पायावर उभं राहतं. त्या क्षणी कमरेला वजन एका बाजूला घ्यावं लागतं, घोट्याला बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात आणि दुसरा पाय पुढे येईपर्यंत तोल धरून ठेवावा लागतो. पाय हलवणं त्या मानाने सोपं. अवघड असतो तो तोल, आणि तोल शिकायचा तर तो जायलाही हवा. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी सव्वा-दीड वर्षाच्या आसपासची मुलं खेळताना चित्रित केली आणि त्यांची पावलं मोजली. 2012 साली प्रसिद्ध झालेले ते आकडे वाचून मी थक्क झाले. एका तासात सरासरी 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं! दिवसभर असं चालायचं, पडायचं, उठायचं आणि पुन्हा निघायचं. प्रत्येक वेळी पडताना मेंदूला कळतं, की इतकं झुकलं तर जमत नाही. वॉकरमध्ये बाळ कितीही झुकलं तरी बैठक त्याला झेलते. त्यामुळे झुकण्याचा परिणाम त्याला कळतच नाही.

मग वॉकरमुळे मूल उशिरा चालतं का? आयर्लंडमध्ये याची एक पाहणी झाली आणि 2002 साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. वॉकरमध्ये घालवलेल्या दर 24 तासांमागे आधाराशिवाय चालणं सुमारे 3.3 दिवसांनी पुढे गेलेलं आढळलं. आपल्या घरचा हिशेब मांडू. बाळ रोज एक तास असं चार महिने वॉकरमध्ये बसलं, तर 120 तास होतात, म्हणजे पाच पूर्ण दिवस. पाच गुणिले 3.3 म्हणजे साधारण साडेसोळा दिवस. ही पालकांनी दिलेल्या माहितीवरची पाहणी होती, त्यामुळे वॉकरनेच उशीर केला असं तिच्यावरून सिद्ध होत नाही. काही लहान अभ्यासांत तर चालण्याच्या वयात फरक दिसलाच नाही. इतकं मात्र नक्की, की वॉकरमुळे मूल लवकर चालतं, ही दुकानात ऐकू येणारी गोष्ट कुठल्याच भरवशाच्या अभ्यासात टिकलेली नाही.

उशीर दोन आठवड्यांचा असला तर तो भरून निघेल. मला खरी भीती वाटते ती वेगाची. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं. म्हणजे हॉलच्या मधून उघड्या दारापर्यंतचे दहा-बारा फूट चार सेकंदांत, आणि दाराबाहेर जिना. तुम्ही कुकरचा गॅस बंद करून वळेपर्यंत ते तिथे पोचलेलं असतं. अमेरिकेत 1990 ते 2014 या काळात वॉकरच्या अपघातांमुळे सव्वादोन लाखांहून जास्त बाळांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार झाले. दहातल्या नऊ दुखापती डोक्याला किंवा मानेला होत्या, आणि चारातली जवळजवळ तीन बाळं जिन्यावरून पडली होती. यातली पुष्कळ बाळं कुणाच्या तरी डोळ्यांदेखत पडली, म्हणून "मी जवळच असते" हे उत्तर पुरत नाही. शिवाय वॉकरमधून बाळाचा हात टेबलावरच्या चहापर्यंत पोचतो, जो रांगताना पोचत नाही. कॅनडाने 2004 साली वॉकर विकायला, आयात करायला आणि त्याची जाहिरात करायलाही बंदी केली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशीच बंदी मागते आहे.

आपल्याकडे याहून कितीतरी चांगली वस्तू आधीपासून आहे, पांगुळगाडा. तीन चाकांचा लाकडी गाडा, वर धरायला आडवी दांडी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांत तो आजही दिसतो. त्यात बाळाला बसता येत नाही. ते आपल्या पायांवर उभं राहतं, दांडी धरतं आणि ढकलतं. सगळा भार तळपायांवर, टाच जमिनीला, पाय डोळ्यांसमोर. तोल गेला तर ते पडतं. आधार फक्त हातांना मिळतो, भिंत किंवा पलंग धरून चालताना मिळतो तेवढाच. म्हणूनच स्वतः धरून उभं न राहणाऱ्या बाळाला पांगुळगाडा चालवता येत नाही, आणि ही त्याची सर्वात मोठी खुबी आहे. जे बाळ अजून तयार नाही, त्याला वॉकर पळवतो. पांगुळगाडा तसं करूच शकत नाही.

एक अडचण मात्र आजच्या घरांत नवी आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाकडी चाक जरा अडत अडत फिरे. आपल्या चकचकीत फरशीवर तोच गाडा बाळाच्या हातातून पुढे निसटतो आणि बाळ तोंडावर आपटतं. गाडा जड असावा, किंवा त्यावर तांदळाची लहान पिशवी घट्ट बांधावी. सतरंजीवर चालवला तर आणखी बरं. आणि जिन्याकडचं दार बंद हवंच, कारण चाकं यालाही आहेत.

दाराच्या चौकटीला टांगायच्या जंपरबद्दल फार लिहायला नको. झोळी वर खेचते, बाळ चवड्यांनी उडी मारतं, टाच इथेही अधांतरीच. बाळाला मौज वाटते, चालणं त्यातून येत नाही, आणि चौकटीवरची पकड सुटली तर बाळ पडतं.

आता बूट. पहिल्या वाढदिवसाला येणारे ते पीं-पीं वाजणारे बूट दिसतात गोड, पण घरात त्यांची गरज नसते. बाळाच्या पायातली बरीच हाडं अजून कूर्चेच्या रूपात, मऊ असतात. तळव्याखाली चरबीची गादी असते, म्हणून पाय सपाट दिसतो. त्या वयात तो तसाच असायला हवा. अनवाणी तळव्याला फरशीचा गारवा, सतरंजीची खरखर, उंबरठ्याचा उंचवटा कळतो, आणि बोटं पसरून पकड घेतात. जाड तळाचा बूट हे सगळं झाकून टाकतो. कर्नाटकात राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या सुमारे 2,300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले. 1992 साली छापलेल्या त्यांच्या नोंदीत बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, तर अनवाणी वाढलेल्यांत 2.8 टक्के आढळले. ही मुलं मोठी होती आणि त्यांच्या राहणीतले इतर फरकही असतील, पण बुटाने पायाला वळण लागतं या समजुतीला यातून आधार मिळत नाही.

बाहेर मात्र पायात काहीतरी हवं. मे महिन्यात तापलेला रस्ता कोवळ्या तळव्यांना पोळतो, पावसाळ्यात काच-खिळे पाण्याखाली दिसत नाहीत. दुकानात बूट हातात घेऊन बोटांच्या जागी वाकवून बघा. सहज वाकला, हलका असला, तळ सपाट असला आणि पुढे बोटं पसरायला जागा असली तर घ्या.

शेजारचं मूल दहाव्या महिन्यात चाललं म्हणून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांवरून जो अंदाज बांधला, त्यात आधाराशिवाय चालण्याची निरोगी मुदत 8.2 ते 17.6 महिने इतकी लांब आहे, आणि त्या पाच देशांत भारतही होता. दीड वर्ष उलटूनही बाळ स्वतःहून चालत नसेल, एकच पाय ओढत असेल किंवा वॉकर सोडल्यावरही सतत चवड्यांवरच चालत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि घरात वॉकर आलाच असेल तर तो पुढच्या घरी पाठवू नका. चाकं काढून टाका, मगच भंगारात द्या.